हप्त्याहप्त्याने पडणारा झोळ

फ्रान्सच्या मध्यभागातून वाहणाऱ्या आलिए नदीवर, ल व्हर्द्र या गावी, १९११च्या सुमारास काँक्रीटचा एक देखणा पूल उभा राहिला. प्रत्येकी सुमारे सत्तर मीटरच्या तीन कमानी, आणि त्याही त्या काळाच्या मानाने फारच चपट्या. पूल बांधणारा युजीन फ्रेसिने हा तरुण इंजिनिअर होता. सेंटरिंग काढलं, पुलाची भार-चाचणी झाली, सगळं ठीक निघालं. पुढे काही महिन्यांनी फ्रेसिनेच्या लक्षात आलं की पुलाचा कठडा हळूहळू खाली चालला आहे. वाहतूक काही वाढलेली नव्हती, नदीला पूरही आलेला नव्हता. तरी कमानींचे माथे दर आठवड्याला थोडेथोडे उतरत होते आणि उतरता उतरता ते सुमारे १३ सेंटिमीटर खाली आले. कमान आधीच चपटी, त्यात माथा आणखी खाली गेला तर ती कोसळणार हे उघड होतं.

त्या वेळच्या सरकारी नियमांच्या हिशेबात असं घडायलाच नको होतं. काँक्रीटवर भार टाकला की ते ठरावीक दबतं आणि तिथेच थांबतं, असं नियम धरून चालत. फ्रेसिनेने वरिष्ठांची परवानगी मागायच्या भानगडीत न पडता रात्रीच सायकल काढली, भरवशाची चार माणसं उठवली आणि पूल गाठला. कमानी सेंटरिंगवरून उचलण्यासाठी माथ्याशी जॅक बसवण्याच्या जागा त्याने बांधतानाच सोडलेल्या होत्या. तिथे पुन्हा जॅक लावून पाच जणांनी तिन्ही कमानी वर उचलल्या. नंतर माथ्याच्या बिजागऱ्या काँक्रीटने भरून टाकल्या. दुसऱ्या महायुद्धात नष्ट होईपर्यंत तो पूल उभा होता.

त्या रात्री फ्रेसिनेने जे सावरलं, ते आज प्रत्येक नव्या इमारतीत घडत असतं, फक्त सेंटिमीटरऐवजी मिलिमीटरच्या हिशेबात. स्लॅबखालचे टेकू काढले की तुळई लगेच थोडी वाकते. हा पहिला झोळ. तो दिसतो, मोजता येतो, ठेकेदारही तो बघून मान डोलावतो. पण हा पहिलाच हप्ता असतो. भार तोच, तुळई तीच, तरी पुढची कितीतरी वर्षं झोळ वाढत राहतो. बऱ्याचदा मागून आलेला झोळ पहिल्याएवढा होतो, कधी त्याच्या दुप्पटही भरतो. इंजिनिअर या मागच्या झोळाला दोन कारणं देतात: क्रीप आणि श्रिंकेज. मराठी पाठ्यपुस्तकांत त्यांना विसर्पण आणि आकुंचन म्हणतात, पण साइटवर ते शब्द कोणी वापरत नाही.

आकुंचन समजायला सोपं आहे. सिमेंटशी रासायनिक संयोग व्हायला त्याच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी पुरतं. पण तेवढ्याच पाण्यात काँक्रीट फावड्याने हलणारही नाही, म्हणून प्रत्यक्षात दुप्पट किंवा त्याहून जास्त पाणी घातलं जातं. उरलेलं पाणी सिमेंटच्या अतिसूक्ष्म छिद्रांत अडकून बसतं आणि हवा कोरडी असेल तसं हळूहळू बाहेर पडतं. छिद्रं रिकामी होताना त्यांत उरलेलं पाणी भिंतींना आत ओढतं आणि सगळं काँक्रीट आखडतं. आपल्या आयएस ४५६ या मानकात प्राथमिक हिशेबासाठी हे आकुंचन मीटरमागे ०.३ मिलिमीटर धरायला सांगितलं आहे. म्हणजे सहा मीटरची तुळई मोकळी ठेवली, तर ती वाळून सुमारे १.८ मिलिमीटरने आखूड होईल. त्यासाठी तिच्यावर काही भार असावा लागत नाही.

क्रीपला मात्र भार लागतो, आणि तोही सतत असलेला. घरात पुस्तकांची लाकडी फळी असेल तर हा प्रकार परिचयाचा असतो. फळी आज सरळ असते, दोन वर्षांनी तिला पोट येतं, पुस्तकं काढली तरी ते पूर्ण जात नाही, आणि मग कोणीतरी शहाणं माणूस फळी उलटी करून बसवतं. काँक्रीटची तुळई उलटी करता येत नाही, एवढाच फरक.

काँक्रीटमधली खडी आणि सळ्या नेहमीच्या भाराखाली काही सरकत नाहीत. सरकतो तो त्यांना धरून ठेवणारा सिमेंटचा लगदा. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून जे द्रव्य तयार होतं, ते सूक्ष्मदर्शकाखाली एकसंध दगडासारखं दिसत नाही. ते अत्यंत बारीक थरांचं असतं आणि त्या थरांमध्ये पाणी असतं. भार कायम राहिला की जिथे पकड कच्ची आहे तिथे हे थर कणाकणाने सरकतात आणि नव्या जागी पुन्हा पकड घेतात. डब्यात तांदूळ भरून डबा ओट्यावर आपटला की पहिल्या दोन-तीन आपटण्यांत तांदूळ भराभर खाली बसतात. नंतरच्या दहा आपटण्यांत त्यापेक्षा कमी, त्यानंतरच्या शंभरांत आणखी कमी. सहज सरकणारे आधी सरकून घेतात, मग अवघड जागा उरतात. क्रीपचा वेग असाच उतरत जातो. वेग उतरतो, पण शून्य होत नाही. या लेखात पुढे जो घोटाळा येणार आहे, त्याचं मूळ याच फरकात आहे.

दोन्ही कारणांमुळे काँक्रीट आखूड होतं हे मान्य केलं, तरी आखूड होणं वेगळं आणि खाली वाकणं वेगळं. मग तुळईला झोळ का यावा?

त्याचं उत्तर सळ्यांच्या जागेत आहे. दोन भिंतींवर टेकलेल्या तुळईचा वरचा भाग दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीटला ताण सोसत नाही, म्हणून खाली केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि ताण सळ्या घेतात. या चिरा हिशेबातल्याच असतात, त्यांना घाबरायचं कारण नाही. आता वरच्या भागावर वर्षानुवर्षं दाब राहतो, तिथे क्रीप होतो, वरची कड आखूड होत जाते. खालच्या सळ्यांना क्रीप नाही, त्यांची लांबी होती तेवढीच राहते. वरची बाजू आखूड आणि खालची तेवढीच, म्हणजे तुळई खालच्या बाजूला फुगणार. आकुंचनाचंही असंच. वर मोठ्या सळ्या नसल्यामुळे काँक्रीट तिथे मोकळेपणी आखडतं. खाली सळ्या त्याला आखडू देत नाहीत. पुन्हा वरची कड आखूड, खालची लांब. दोन वेगवेगळी कारणं, पण दोन्ही तुळईला एकाच दिशेला, खाली, नेतात.

एक साधी तुळई घेऊन हे आकड्यांत बघता येतं. दोन भिंतींवर टेकलेली, सहा मीटर गाळ्याची, २३० मिलिमीटर रुंद आणि ६०० मिलिमीटर उंच. एम-२० दर्जाचं काँक्रीट, तळाशी २० मिलिमीटरच्या तीन सळ्या, वर मोजण्यासारखं काही नाही. स्लॅब, फरशी आणि तुळईचं स्वतःचं वजन धरून कायमचा भार दर मीटरला सुमारे १,६०० किलो. आयएस ४५६च्या परिशिष्टातली पद्धत लावली, तर टेकू काढल्यावर या कायमच्या भाराने मध्यभागी साधारण ६ मिलिमीटर झोळ येतो.

मग क्रीप. मानकात त्यासाठी एक गुणांक दिला आहे: काँक्रीटवर भार सातव्या दिवशी आला तर २.२, अठ्ठाविसाव्या दिवशी आला तर १.६ आणि वर्षाने आला तर १.१. त्याचा अर्थ असा की, अठ्ठावीस दिवसांच्या काँक्रीटवर भार टाकला आणि ते लगेच एक मिलिमीटर दबलं, तर कालांतराने ते आणखी १.६ मिलिमीटर दबेल. हे वाचून कोणालाही वाटेल की तुळईचा झोळही अडीच पटींहून जास्त होणार. तसं होत नाही, कारण क्रीप फक्त वरच्या दाबलेल्या पट्ट्यात होतो, सळ्यांत होत नाही. वरचं काँक्रीट मऊ पडलं की दाब थोड्या खोल पट्ट्यावर पसरतो आणि तुळई काही अंशी स्वतःला सावरते. त्यामुळे आपल्या तुळईत क्रीपचे जवळपास ३ मिलिमीटर वाढतात आणि आकुंचनाचे साधारण दीड. सहाचे साडेदहा होतात. माणसं, कपाटं, पाहुणे यांचा झोळ यात धरलेलाच नाही.

हा हिशेब आपल्या मानकाचा झाला. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटचं मानक याच तुळईकडे जास्त संशयाने बघतं. तिथला नियम एका ओळीत मावतो: वरच्या बाजूला सळ्या नसतील, तर कायमच्या भाराच्या पहिल्या झोळात तीन महिन्यांत त्याच्याएवढी भर पडते, वर्षात १.४ पट आणि पाच वर्षांत दुप्पट. म्हणजे सहाचे अठरा. एकाच तुळईला एक मानक साडेदहा म्हणतं, दुसरं अठरा. झोळाचा हिशेब दशांशापर्यंत मांडणाऱ्या इंजिनिअरकडे म्हणूनच जरा तिरक्या नजरेने बघावं. काँक्रीटमधलं पाणी, खडीचा प्रकार, हवेतला ओलावा, तराईची शिस्त यांतलं एक जरी बदललं तरी आकडा इकडचा तिकडे जातो. अनुभवी माणसं एक आकडा सांगत नाहीत, कमाल-किमान सांगतात.

याच अमेरिकन नियमात एक उपायही दडलेला आहे. वरच्या बाजूला, म्हणजे दाबाच्या भागात, काँक्रीटच्या क्षेत्राच्या एक टक्का सळ्या टाकल्या की मागचा झोळ दुपटीऐवजी १.३३ पटीवर येतो. वरचं काँक्रीट सरकू लागलं की सळ्या त्याच्या वाट्याचा भार उचलतात आणि आकुंचनालाही वरून अटकाव होतो. तुळईची ताकद त्याने फारशी वाढत नाही, म्हणून खर्च वाचवताना पहिली कात्री याच सळ्यांना लागते. गॅलरीसारख्या एका बाजूने मोकळ्या स्लॅबमध्ये सगळं उलटं असतं. तिथे मुख्य सळ्या वर आणि दाब खाली. काम चालू असताना त्या वरच्या सळ्यांवर मजूर पाय देऊन चालले आणि त्या दोन-तीन सेंटिमीटर खाली बसल्या, की गॅलरीचं टोक पुढे वर्षानुवर्षं उतरत राहतं. पावसाचं पाणी जाळीकडे न जाता कठड्याशी साचू लागलं की घरच्यांना ते कळतं.

तुळईवर पहिला मोठा भार कोणत्या वयात येतो, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. सहा मीटरपर्यंतच्या तुळईखालचे टेकू साध्या सिमेंटसाठी चौदा दिवस आणि त्याहून लांब तुळईखालचे एकवीस दिवस ठेवावेत, असं आयएस ४५६ सांगतं. पण सेंटरिंगचं सामान भाड्याचं असतं आणि पुढचा मजला वाट बघत असतो. टेकू लवकर निघतात, कोवळ्या स्लॅबवर विटांची थप्पी आणि सिमेंटच्या गोण्या रचल्या जातात, वरच्या मजल्याचे टेकूही त्याच स्लॅबवर उभे राहतात. कोवळं काँक्रीट दबतं जास्त, शिवाय त्याला ज्या चिरा पुढे कधी पडल्याच नसत्या त्या आताच पडतात. तुळईचा कणखरपणा एकदा उतरला की तो परत येत नाही.

त्यात हवेची भर. दाब आणि वाळणं एकाच वेळी चालू असेल, तर झोळ दोघांच्या वेगवेगळ्या बेरजेपेक्षा जास्त येतो. अमेरिकेतल्या जेराल्ड पिकेट यांनी १९४२मध्ये हे दाखवलं आणि आजही हा परिणाम त्यांच्याच नावाने ओळखला जातो. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्याच्या कोरड्या हवेत टेकू निघालेली तुळई आणि मुंबईच्या दमट हवेतली तशीच तुळई यांचे झोळ म्हणूनच सारखे नसतात. गोणपाट अंथरून पाणी मारायचं ते ताकदीसाठी, असं सगळे सांगतात. तेवढे दिवस काँक्रीटचं वाळणं लांबतं आणि भार येईपर्यंत ते जून होतं, हाही त्यातला मोठा फायदा आहे.

घरात हा मागचा झोळ बहुधा तुळईवर दिसत नाही, तिच्याखालच्या भिंतीवर दिसतो. सहा मीटरमध्ये दहा मिलिमीटरचं पोट नजरेला कळत नाही. पण तुळईखाली पट्ट बसवलेली चार इंची विटांची भिंत वाकू शकत नाही. मग भिंतीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते, दाराची चौकट आवळली जाते, पावसाळ्यात फुगलेलं दार म्हणून सुताराला बोलावलं जातं आणि तो दार तासून जातो. दिवाळीनंतरही दार अडकतंच. भिंत तुळईवर उभी असेल तर उलटं होतं: तुळई खाली जाते, भिंत स्वतःच कमानीसारखी तोलून राहते, आणि तळाशी फरशीलगत आडवी फट पडते. म्हणूनच भिंती बांधून झाल्यावर येणाऱ्या झोळावर मानकाने वेगळी मर्यादा घातली आहे: गाळ्याचा ३५०वा हिस्सा किंवा २० मिलिमीटर, यांतलं जे कमी असेल ते. आपल्या तुळईसाठी हा आकडा १७ मिलिमीटर येतो. भिंतींच्या मानाने हीसुद्धा सढळच मर्यादा आहे, विटांच्या कडक भिंतीला त्याहून बऱ्याच कमी झोळात चीर पडू शकते. जाणते मिस्त्री म्हणून भिंत तुळईपर्यंत नेऊन लगेच ठासत नाहीत. वर बोटभर फट ठेवतात, शक्य तेवढे दिवस ती तशीच राहू देतात आणि मग दबेल अशा मालाने भरतात.

अशी चीर दिसली की पहिला प्रश्न असतो, घर पडणार का? क्रीपच्या झोळाचा स्वभाव ओळखता येतो. तो वर्षागणिक मंदावतो, तुळईच्या मध्यभागी जास्त असतो, आणि तुळईच्या काँक्रीटला गंजाचा डाग किंवा फुगवटा नसतो. चिरेवर प्लास्टरचा पातळ ठिपका देऊन त्यावर तारीख घालून ठेवली, आणि दरवर्षी त्याच महिन्यात, सकाळच्या त्याच वेळी बघितलं, तर चीर वाढते आहे की थांबत आली आहे हे कळतं. महिना आणि वेळ तीच लागते, कारण उन्हाने गच्ची तापली की तुळई वर-खाली होते आणि वाचन फसवतं. दर वर्षी वाढ आधीपेक्षा जास्त होत असेल, टेकाच्या जवळ तिरकी चीर असेल किंवा सळईच्या रेषेत तपकिरी डाग असतील, तर तो क्रीप नव्हे. तिथे प्लास्टर लावून रंग देण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअर बोलवावा लागतो.

मंदावतो म्हणजे कधी थांबतो? यावर फार काळ एक समाधानकारक उत्तर दिलं जात होतं. अमेरिकेत ट्रॉक्सेल, राफेल आणि डेव्हिस यांनी काँक्रीटचे नमुने तीस वर्षं भाराखाली ठेवून १९५८मध्ये निष्कर्ष छापले. वीस वर्षांत जेवढा क्रीप होतो, त्यातला साधारण पाव पहिल्या दोन आठवड्यांत, निम्मा तीन महिन्यांत आणि पाऊण वर्षभरात होऊन जातो. यावरून मानकांनी एक वक्ररेषा घेतली, जी काही वर्षांनी आडवी होते. घराच्या तुळईला ती रेषा चालते. पण ती ज्या नमुन्यांवर बेतलेली होती ते हातात मावतील एवढे होते. काँक्रीट वाळायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दहापट झाली, तर वेळ शंभरपट. नमुना दोन वर्षांत वाळला, तर मीटरभर जाड काँक्रीटला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

याची किंमत पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या छोट्या द्वीपराष्ट्राने मोजली. तिथे कोरोर आणि बाबेल्दाओब या दोन बेटांना जोडणारा पूल १९७७मध्ये बांधून झाला. त्याचा मधला गाळा २४१ मीटर होता. पूर्वताणित काँक्रीटच्या पोकळ पेटीसारख्या पुलांत तेव्हा जगात एवढा लांब गाळा दुसरा नव्हता. दोन्ही काठांवरून एकेक हात पाण्यावर पुढे येत गेला आणि मध्यभागी बिजागरीने जोडला गेला. खांबाशी पेटीची उंची १४ मीटरहून अधिक, मध्यभागी जेमतेम साडेतीन-पावणेचार. खांबापाशी तळाचा स्लॅब सव्वा मीटरच्या आसपास जाड, वरचा त्याच्या निम्म्याहूनही पातळ. पातळ भाग लवकर वाळणार आणि जाड भाग मागे राहणार, हे त्यात आलंच.

पूर्वताणित म्हणजे काँक्रीटमधून तारांचे जुडगे ओवून ते घट्ट ओढायचे, म्हणजे तुळई आधीच वरच्या दिशेने उचललेली राहते. ही कल्पना प्रत्यक्षात आणण्याचं श्रेय त्याच फ्रेसिनेचं. त्याचं पेटंट १९२८चं. त्याच्याआधीही लोकांनी सळ्या ताणून बघितल्या होत्या, पण काही दिवसांनी ताण नाहीसा व्हायचा. ल व्हर्द्रच्या पुलाने फ्रेसिनेला त्याचं कारण शिकवलं होतं. क्रीप आणि आकुंचन मिळून काँक्रीट मीटरमागे अर्धा ते एक मिलिमीटर आखडतं. साधी सळई ताणून मिळते तीच मुळात मीटरमागे सहा दशांश मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे सगळी कमाई क्रीपच्या घशात. उच्च ताकदीची तार मात्र मीटरमागे पाच मिलिमीटर ताणता येते. त्यातला एक गेला तरी चार उरतात.

पलाऊच्या पुलात किती उरतील याचा अंदाज चुकला. मध्यभागी अखेरचा झोळ अर्धा मीटरच्या आसपास असेल असं आराखड्यात धरलं होतं. १९९५मध्ये अठरा वर्षांच्या पुलाचा मध्य ठरलेल्या पातळीच्या १.३९ मीटर खाली होता. गाडी मध्यापाशी आली की चालकाला रस्ता खाली बसल्याचं जाणवायचं. तारांचा ताण कालांतराने एक पंचमांशापेक्षा थोडा जास्त कमी होईल असं गृहीत होतं. नंतर काही तारा तपासल्या तेव्हा निम्मा ताण गेलेला निघाला. काँक्रीट आखडलं की तारा सैल होतात, तारा सैल झाल्या की पूल आणखी खाली जातो, अशी ही साखळी होती.

तज्ज्ञांनी तपासून पूल सुरक्षित असल्याचं सांगितलं होतं. झोळ कमी करण्यासाठी १९९६मध्ये दुरुस्ती झाली. मधली बिजागरी बंद केली गेली, पेटीच्या आतून नवे तारांचे जुडगे ओढले गेले, मध्यभागी चपटे जॅक बसवून दोन्ही हात एकमेकांपासून रेटले गेले. त्यानंतर तीनच महिन्यांत, २६ सप्टेंबर १९९६च्या संध्याकाळी, शांत हवेत आणि जेमतेम रहदारीत पूल कोसळला. दोन माणसं गेली, चार जखमी झाली. पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा याच पुलावरून जात होत्या, त्यामुळे कोरोरला आणीबाणी जाहीर करावी लागली. झोळाने पूल पाडला असं म्हणणं सोपं, पण बरोबर नाही. झोळ सुधारण्यासाठी बदललेली भारांची वाट आणि पूल कोसळणं यांतला संबंध अजून वादाचा आहे.

वाद लांबण्याचं एक कारण कायदेशीर होतं. खटल्यात तडजोड झाली आणि तांत्रिक कागदपत्रं बंद कपाटात गेली. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे प्राध्यापक झ्देनेक बाझांत काँक्रीटच्या क्रीपवर अनेक दशकं काम करत आलेले. नोव्हेंबर २००७मध्ये बंगळूरला भरलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरांच्या जागतिक परिषदेत अशी माहिती खुली करावी असा ठराव झाला, त्यात त्यांचा पुढाकार होता. त्यानंतर २००८मध्ये पलाऊची कागदपत्रं खुली झाली. बाझांत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांतून पुलाचा पूर्ण हिशेब पुन्हा मांडला आणि दाखवलं की त्या वेळच्या मानकांतली वक्ररेषा आडवी होते तिथे खरा क्रीप आडवा होत नाही. दहाव्या दिवसापासून शंभराव्यापर्यंत जेवढी वाढ होते, साधारण तेवढीच शंभरापासून हजारापर्यंत आणि पुन्हा तेवढीच हजारापासून दहा हजारांपर्यंत. दहा हजार दिवस म्हणजे सत्तावीस वर्षं. डब्यातले तांदूळ दर वेळी दहापट आपटण्या मागतात, पण बसत राहतात.

पलाऊचा अपवाद म्हणून विषय मिटला असता. पण बाझांत यांच्या गटाने जगभरातल्या जुन्या पुलांच्या नोंदी गोळा केल्या, तेव्हा पन्नासहून अधिक गाळे असेच अंदाजाबाहेर खाली जाताना सापडले. त्या यादीत गोव्यातला जुना झुआरी पूलही आहे. १९८३मध्ये सुरू झालेल्या त्या पुलाचे हातही मधल्या बिजागऱ्यांशी जोडलेले, आणि झोळ आला तोही त्याच ठिकाणी. पुढे त्याला पेटीतून जादा तारा ओढून मजबुती द्यावी लागली. पणजीहून मडगावला गाडीने जाणाऱ्यांनी त्या सांध्यांवरचा हिसका वर्षानुवर्षं अनुभवला असेल, तो रस्त्याच्या डांबराचा दोष म्हणून.

काँक्रीटच्या लांब गाळ्यांत अशी मधली बिजागरी आता सहसा ठेवत नाहीत. तिथे दोन्ही हात एकमेकांना अडवत नाहीत, आणि वर्षानुवर्षांचा सगळा उतार त्या एका टोकावर जमा होतो. जादा तारा भविष्यात ओढता याव्यात म्हणून पेटीत रिकाम्या नळ्याही आधीच सोडल्या जातात. पलाऊला जपानच्या मदतीने नवा पूल २००२मध्ये खुला झाला. त्याचा गाळा २४७ मीटर, म्हणजे जुन्याहून थोडा लांबच. त्याला वरून केबल आहेत, आणि मध्यभागाचा मोठा तुकडा काँक्रीटचा नसून पोलादाचा आहे.